प्रवेश हवा आहे, पण पुढच्या वर्षी

इंग्लंडमधल्या विद्यापीठाचं ऑफर लेटर हातात आहे, डिपॉझिट भरून झालं आहे, सप्टेंबरच्या तिकिटांचे दर रोज पाहिले जात आहेत. आणि जुलैमध्ये घरात कुणीतरी आजारी पडतं. किंवा कर्जमंजुरी लांबते, पदवीचा निकाल वेळेत लागत नाही, नोकरीत बॉन्ड आडवा येतो. जायचं तर आहे, पण या वर्षी नाही. अशा वेळी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला जो ईमेल पाठवायचा असतो, त्यावर पुढचं सगळं वर्ष अवलंबून असतं. तरीही बहुतेक घरांत हा मजकूर घाईघाईत, रात्री उशिरा आणि मनावर ताण असताना लिहिला जातो.

आपल्याकडे या कामाची सवय नाही, हेही एक कारण आहे. महाराष्ट्रात सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत मिळालेली जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही. ठरल्या तारखेला कॉलेजात हजर झाला नाहीत की जागा पुढच्या फेरीत जाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सीईटीपासून सुरुवात. त्यामुळे ‘प्रवेश पुढे ढकलून मिळेल का’ हा प्रश्नच आपल्याला मोठी मेहेरबानी मागितल्यासारखा वाटतो, आणि ईमेल उतरतो तो साहेबांना केलेल्या विनंतीअर्जासारखा: हाल, नाइलाज, कृपा. ब्रिटनमध्ये मात्र हे प्रवेश विभागाचं नेहमीचं काम आहे. त्याला तिथे डिफरल म्हणतात, त्याचे नियम लिहिलेले असतात, त्याची अंतिम तारीख ठरलेली असते आणि कित्येक ठिकाणी त्यासाठी पोर्टलवर वेगळा फॉर्मही असतो. म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही, वाचण्याचं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं डिफरलचं पान आणि आपल्या ऑफर लेटरमधल्या अटी सावकाश वाचायच्या. आपल्या अभ्यासक्रमाला डिफरल चालतं का, कोणत्या तारखेपर्यंत मागायचं, फॉर्म आहे की ईमेल चालतो, हे तिथेच कळतं. फॉर्म असेल तर तोच भरायचा. ईमेलचा मजकूर मग त्यातल्या ‘कारण’ या रकान्यात कामी येतो.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, कराडची एक मुलगी आहे. बीएस्सी झालेली, एकुलती एक. एका ब्रिटिश विद्यापीठात डेटा ॲनालिटिक्सच्या एमएस्सीला तिला प्रवेश मिळाला आहे. वर्ग २१ सप्टेंबर २०२६ ला सुरू होणार आहेत. ९ जुलैला तिच्या वडिलांची बायपास झाली, १७ तारखेला ते घरी आले. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ते सांभाळायला दुसरं कुणी नाही. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे डिफरलची विनंती ३१ जुलैपर्यंत पोहोचली पाहिजे.

तिचा ईमेल उघडणारी व्यक्ती कोण, हे आधी डोळ्यांसमोर आणायला हवं. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत प्रवेश विभागातल्या कर्मचाऱ्याच्या रांगेत शेकडो पत्रं असतात. त्याला आधी अर्ज शोधायचा असतो, मग मागणी नियमात बसते का ते पाहायचं असतं, कागद तपासायचे असतात आणि गरज असेल तर सगळं विभागातल्या प्राध्यापकाकडे निर्णयासाठी पाठवायचं असतं. त्यामुळे विषयाच्या ओळीतच अर्ज सापडायला हवा आणि मागणी कळायला हवी. ती ओळ अशी असावी:

```
Deferral request: MSc Data Analytics, September 2026 to September 2027, Applicant ID 40123456
```

अर्ज करताना जो ईमेल पत्ता दिला होता त्याच पत्त्यावरून हे पत्र जायला हवं. वडिलांच्या किंवा मामाच्या पत्त्यावरून गेलेल्या पत्राला बहुधा उत्तर मिळत नाही. तिथल्या माहितीसंरक्षण कायद्यामुळे विद्यार्थ्याने लेखी संमती दिल्याशिवाय त्याच्या अर्जाविषयी दुसऱ्या कुणाशी, अगदी आईवडिलांशीही, बोलता येत नाही. अर्ज एजंटमार्फत केला असेल तर पत्राची प्रत त्यालाही पाठवावी, कारण विद्यापीठाच्या नोंदीत संपर्क म्हणून त्याचं नाव असतं.

आता मजकूर. प्रत्यक्षात तो इंग्रजीत जाईल. इथे मराठीत देतो, म्हणजे कोणतं वाक्य कशासाठी आहे ते नीट दिसेल.

‘प्रवेश विभागास,

सप्टेंबर २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या एमएस्सी डेटा ॲनालिटिक्स या अभ्यासक्रमासाठी मला मिळालेला प्रवेश सप्टेंबर २०२७ पर्यंत पुढे ढकलावा, ही विनंती. माझा अर्ज क्रमांक ४०१२३४५६ आहे. १८ मार्च २०२६ रोजी आलेली ऑफर मी स्वीकारली असून २ मे रोजी डिपॉझिट भरलं आहे. मला अद्याप कॅस मिळालेला नाही आणि मी व्हिसासाठी अर्ज केलेला नाही.

९ जुलै २०२६ रोजी माझ्या वडिलांची हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. १७ जुलैला ते घरी आले. डॉक्टरांनी त्यांना तीन महिने कामापासून दूर राहायला सांगितलं आहे. मी एकुलती एक असल्याने या काळात त्यांची देखभाल आणि आमचं दुकान, दोन्हीची जबाबदारी माझ्यावर आहे. त्यामुळे २१ सप्टेंबरला मला हजर राहता येणार नाही. हा अभ्यासक्रम फक्त सप्टेंबरमध्ये सुरू होतो, म्हणून मी पूर्ण वर्षाची मुदत मागत आहे.

ऑफरमधल्या शैक्षणिक अटी मी पूर्ण केल्या आहेत. अंतिम वर्षाची गुणपत्रिका २४ जून रोजी पोर्टलवर टाकली आहे. माझी आयईएलटीएस परीक्षा १४ जून २०२५ रोजी झाली, म्हणजे नवीन वर्ग सुरू होण्याआधीच तिची मुदत संपेल. मी फेब्रुवारी २०२७ पर्यंत ती पुन्हा देईन. नवा निकाल कोणत्या तारखेपर्यंत लागेल, ते कृपया कळवावं.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, ऑफर लेटर आणि डिपॉझिटची पावती सोबत जोडली आहे. डिपॉझिट पुढच्या वर्षाला लागू राहील का, फी कोणत्या वर्षाची धरली जाईल आणि ऑफरमध्ये दिलेली फीसवलत कायम राहील का, हेही कळवल्यास आभारी राहीन.’

खाली पूर्ण नाव, पासपोर्टवर असेल तसंच, जन्मतारीख आणि फोन नंबर. बस, एवढंच. पडद्यावर एका नजरेत मावेल इतकं.

पहिल्याच वाक्यात ‘पुढे ढकलावा’ असं स्पष्ट म्हटलं आहे, ते मुद्दाम. आपल्याकडचे विद्यार्थी बोलीत म्हणतात तसं लिहून जातात: या वर्षीची ॲडमिशन कॅन्सल करा, मी पुढच्या वर्षी येईन. वाचणाऱ्याच्या दृष्टीने यातलं पहिलं अर्धं वाक्य म्हणजे प्रवेश सोडल्याची लेखी सूचना. त्याने तशी नोंद केली तर ऑफर बंद होते आणि पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. तेव्हा जागा सोडायची नसेल तर रद्द, माघार, कॅन्सल हे शब्द पत्रात कुठेही येता कामा नयेत.

कॅसबद्दलचं वाक्य लहान आहे, पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. कॅस म्हणजे विद्यापीठाने ब्रिटिश गृहखात्याच्या प्रणालीत काढलेला प्रवेशाचा क्रमांक. त्याच्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करता येत नाही. तो एका व्हिसा अर्जापुरताच चालतो आणि त्यावर अभ्यासक्रमाच्या तारखा असतात. कॅस निघालेला नसेल तर डिफरल ही विद्यापीठाची अंतर्गत बाब राहते. निघाला असेल तर त्यांना तो मागे घ्यावा लागतो आणि पुढच्या वर्षी नवा काढावा लागतो. व्हिसा हातात पडल्यावर जाणं रद्द झालं तर मात्र गोष्ट महागात पडते. विद्यार्थी हजर झाला नाही हे विद्यापीठाला गृहखात्याला कळवावंच लागतं, तो व्हिसा जातो, आणि पुढच्या वर्षी अर्जाची फी पुन्हा भरावी लागते. व्हिसासोबत आरोग्य अधिभारही भरलेला असतो. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि व्हिसा मंजूर होऊनही तुम्ही गेलाच नाहीत तर तो परत मिळत नाही. म्हणून घरात अडचण दिसू लागली की पहिल्यांदा थांबवायची गोष्ट व्हिसाचा अर्ज. ‘तोवर व्हिसा तरी काढून ठेवू’ हा सल्ला नातेवाईक प्रेमापोटी देतात, पण तो ऐकू नये.

आता कारण. इथे आपल्याकडचे विद्यार्थी दोन टोकांना जातात. काही जण ‘कौटुंबिक कारणामुळे’ एवढंच लिहितात, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. काही जण वडिलांना पहिल्यांदा छातीत दुखलं त्या रात्रीपासून सुरुवात करतात. मला वाटतं, कारण लिहिताना एकच गोष्ट सांभाळायची असते: कारणाचा काळ आणि मागितलेली मुदत यांचा मेळ बसला पाहिजे. वडिलांना विश्रांती तीन महिन्यांची आणि मुलगी मागते बारा महिने. हुशार कर्मचारी इथे थबकणारच. अभ्यासक्रम जानेवारीतही सुरू होत असेल तर तो सरळ उत्तर देईल की जानेवारीत या. म्हणून पत्रात ते एक वाक्य आहे: हा अभ्यासक्रम फक्त सप्टेंबरमध्ये सुरू होतो. जानेवारीचा वर्ग असेल आणि तो जमत असेल, तर तोच मागावा. आपल्या उदाहरणातल्या मुलीची आयईएलटीएस त्या वेळी मुदतीत राहिली असती आणि परीक्षेचा खर्च वाचला असता. जानेवारी असूनही सप्टेंबरच हवा असेल, तर का, हे लिहावंच लागेल.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रालाही हाच नियम. ‘रुग्णास विश्रांतीची गरज आहे’ अशी दोन ओळींची चिठ्ठी आपल्याकडे सुट्टीसाठी चालून जाते. इथे ती अपुरी पडते. प्रमाणपत्र इंग्रजीत आणि लेटरहेडवर असावं. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, किती काळ काय करायचं नाही ते, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असावा. रुग्णाचं नाव विद्यार्थिनीच्या वडिलांचंच आहे हे तिच्या कागदांवरून जुळायला हवं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव पूर्ण असतं आणि हॉस्पिटलच्या कागदावर कधी कधी घरचं, हाक मारायचं नाव लागतं. पाठवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून पाहावं, आणि फरक असेल तर हॉस्पिटलमधून दुरुस्त करून घ्यावा. एखादा कागद मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर मूळ कागदासोबत जोडावं.

आणि जे मागितलेलं नाही ते पाठवू नये. अँजिओग्राफीची सीडी, औषधांची बिलं, आयसीयूतले फोटो यांची गरज नसते. वडिलांच्या आजाराचा इतका तपशील अनोळखी माणसांच्या हाती देण्याचं कारणही नाही. डिस्चार्ज कार्डावर आधार क्रमांक असेल तर तो झाकावा. प्रत्येक फाइल पीडीएफ असावी आणि फाइलच्या नावात अर्जक्रमांक व कागदाचं नाव असावं, म्हणजे ती पत्रापासून वेगळी झाली तरी कोणाची ते कळेल. कारण खरं असेल तर साधा कागद पुरतो. ओळखीच्या डॉक्टरकडून आजार ‘लिहून घेण्याचा’ मार्ग मात्र कुणी सुचवला तरी घेऊ नये. तो उघडा पडला तर ऑफर मागे घेतली जाते, आणि असाच खोटा कागद व्हिसा अर्जात गेला तर ब्रिटनमध्ये दहा वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते.

तारखांचा घोळ लिहिण्यातून सुरू होतो. ०९/०७/२०२६ ही तारीख लंडनमध्ये ९ जुलै होते आणि अमेरिकेत ७ सप्टेंबर. म्हणून महिन्याचं नाव अक्षरातच लिहावं. मुदत ‘३१ जुलै, संध्याकाळी पाच’ अशी असेल तर ती ब्रिटनच्या वेळेची असते. उन्हाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. तरी शेवटचा दिवस गाठू नये. आपल्या उदाहरणातल्या मुलीने २१ जुलैला पत्र पाठवलं. डिस्चार्जनंतर चार दिवसांत कागद जमले, आणि कर्मचाऱ्याने आणखी काही मागितलंच तर हाताशी दहा दिवस राहिले. सगळे कागद मिळेपर्यंत थांबून मुदत चुकवण्यापेक्षा हातात असलेल्या कागदांसह पत्र वेळेत पाठवावं, आणि राहिलेला कागद कोणत्या तारखेपर्यंत देऊ ते त्यातच लिहावं.

पोचपावती आली की बहुतेक वेळा तिच्यावर एक क्रमांक असतो. पुढचा पत्रव्यवहार त्याच धाग्यात करावा. दर दोन दिवसांनी नवा ईमेल पाठवला तर प्रत्येकाचा नवा क्रमांक पडतो, तो रांगेच्या शेवटी जातो आणि काही वेळा दोन कर्मचारी दोन वेगळी उत्तरं देतात. उत्तराला किती दिवस लागतील हे विद्यापीठाने सांगितलेलं असेल, तर तेवढे दिवस उलटल्यावर एक ओळीची आठवण पुरेशी आहे.

‘तुमचं डिफरल मान्य आहे’ असं उत्तर आलं तरी काम संपत नाही. खरा कागद म्हणजे नवीन ऑफर लेटर. त्यावर नवा शैक्षणिक वर्ष, नवी फी आणि नव्या अटी आहेत का ते पाहायचं आणि पोर्टलवर ती ऑफर पुन्हा स्वीकारायची. हे दुसऱ्यांदा स्वीकारणं विसरणारे पुष्कळ असतात, आणि ते लक्षात येतं तेव्हा कॅस मागायची वेळ झालेली असते. फी साधारणपणे पुढच्या वर्षाचीच लागते. डिपॉझिट बहुधा पुढे नेलं जातं, पण डिफरल घेतल्यावर ते परत मागता येईल की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाच्या नियमावर असतं, म्हणून ते लेखी विचारून ठेवावं. विद्यापीठाची शिष्यवृत्ती किंवा फीसवलत तर आपोआप पुढे जातेच असं नाही. बऱ्याचदा जात नाही.

शिष्यवृत्ती बाहेरची असेल तर विचारण्याचा क्रमच उलटा करावा लागतो. चेव्हनिंग शिष्यवृत्ती पुढच्या वर्षावर नेता येत नाही. आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची निवडही त्या त्या वर्षापुरती होते. म्हणून आधी पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाला लेखी विचारावं, त्यांचं उत्तर हातात आल्यावरच विद्यापीठाला लिहावं. विद्यापीठाने जागा राखली आणि पैसे गेले, तर त्या जागेचा काही उपयोग उरत नाही.

हे सगळं ब्रिटनबद्दल झालं. देश बदलला की पत्रही बदलतं. अमेरिकेत प्रवेश विभागाने डिफरल दिलं तरी आय-ट्वेंटी हा कागद आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून नव्या तारखेचा करून घ्यावा लागतो, आणि तेही जुनी तारीख उलटण्याआधी. म्हणजे पत्र दोन कार्यालयांना जातं. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशपत्र सहसा त्या एका सत्रापुरतंच असतं. तिथे बहुधा पुढच्या सत्रासाठी पुन्हा अर्ज करा असंच सांगतात. तिथे डिफरलचा लांबलचक ईमेल लिहिण्यात दिवस घालवण्यापेक्षा पुढच्या अर्जाची तारीख वहीत लिहून ठेवलेली बरी.

कराडच्या मुलीकडे परत येऊ. तिला सप्टेंबर २०२७ ची ऑफर मिळाली, वर्ग २० सप्टेंबरला सुरू होणार, असं धरू. या वर्षी जमवलेल्या कागदांपैकी पदवीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट सोडले तर फारच थोडे पुढच्या वर्षी चालतील. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र व्हिसा अर्जाआधीच्या सहा महिन्यांतलं लागतं, तेव्हा मे २०२६ चं पत्र बाद. क्षयरोग तपासणीचा दाखलाही सहाच महिने चालतो. तिने जूनमध्ये तपासणी करून घेतली असेल तर तीही वाया. खात्यात स्वतःचे पैसे दाखवायचे असतील तर ते सलग २८ दिवस तिथे असावे लागतात आणि तो कालावधी अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत संपलेला असावा लागतो, म्हणून मुदतठेव मोडायची घाई आत्ता करायची नाही. भारतातून व्हिसाचा अर्ज वर्ग सुरू होण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी, म्हणजे २० मार्च २०२७ पासून करता येईल, अर्थात तोवर कॅस आला असेल तर. त्यामुळे बँकेत जाणं आणि क्षयरोग तपासणी, दोन्ही त्यानंतरच. त्याआधी करायची गोष्ट एकच, आयईएलटीएस. आणि ती फेब्रुवारीत द्यायची तर नावनोंदणी डिसेंबरमध्येच केलेली बरी, म्हणजे सोयीची तारीख मिळते आणि गुण कमी पडले तर दुसऱ्यांदा बसायलाही वेळ राहतो.